मेण आणि कार्बाइड एका पंक्तीत नको

आखाजीच्या तोंडावर आपल्या अंकात आलेली 'विषारी' फळांची बातमी वाचली. तीत मेण लावलेले सफरचंद आणि कार्बाइडने पिकवलेला आंबा एकाच पंक्तीला बसवले आहेत, ते पटले नाही. सफरचंदावर मधमाशीचे किंवा कार्नोबा मेण लावायला, तसे लेबल असेल तर, कायद्याने परवानगी आहे. ते बहुतांशी न पचता शरीराबाहेर पडते.

कार्बाइडवर मात्र बंदी आहे. ओलावा लागला की त्यातून ॲसिटिलीन वायू निघतो, आणि औद्योगिक कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असू शकतात. खरा धोका तो. पेटीत राखाडी पूड किंवा कागदी पुड्या दिसल्या, लसणासारखा उग्र वास आला, तर ती पेटी घेऊ नये. एकसारखा पिवळा रंग आणि कोयीजवळचा आंबट गर एवढ्याने काही सिद्ध होत नाही; कोवळा उतरवलेला आंबा इथिलीननेही तसाच होतो. आणि इथिलीन १०० पीपीएमपर्यंत वैध आहे. आपल्या जळगावची केळीही रायपनिंग चेंबरमध्ये त्याच वायूने पिकवतात, त्यांना कोणी विष म्हणत नाही!

अन्न व औषध प्रशासनाच्या पथकाने फळांचा रंग पाहत बसण्याऐवजी आढीतल्या पुड्या शोधाव्यात.

— एक वाचक, अमळनेर