रजेचं पत्र सोबत जोडलंय

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर असलं काही सांगितलं की बाबा नुसतं "बरं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. मग आई एकटीच घाबरते. म्हणून लिहितेय. दोघांनी एकत्र बसून वाचा, आईनं मोठ्यानं.

१ डिसेंबरपासून ३१ मेपर्यंत मी बिनपगारी रजेवर आहे. नोकरी सोडलेली नाही, सुटलेली नाही, कुणी काढलेलं नाही. एम.टेक.चे शनिवार-रविवारचे वर्ग संपले, आता फक्त प्रबंध राहिलाय. तो नोकरी सांभाळून का होत नाही, ते आईला तिच्या कुकरच्या रिंगवरून कळेल. नवी रिंग मऊ असते, वर्षभर तापून कडक होते आणि मग शिट्टीऐवजी कडेनं वाफ जाते. मी तेच गाडीच्या इंजिनातल्या रबराच्या सीलवर तपासतेय. तुकडे एक हजार तास भट्टीत ठेवायचे, मध्ये ठरलेल्या वेळी काढून कडकपणा मोजायचा. हजार तास म्हणजे जवळजवळ ४२ दिवस. तापमानं तीन आणि माझ्या वाट्याला भट्टी एकच, म्हणजे १२६ दिवस, सव्वाचार महिने. लिहायला उरलेले. मोजायची वेळ मंगळवारी दुपारी आली तर मंगळवारी दुपारीच तिथं असावं लागतं.

आता बाबांसाठी. तुमच्या मनात काय येईल ते मला ठाऊक आहे. मी दुसरीत होते. "चार दिवस घरी थांबा, बोलावतो" असं मिलनं तोंडी सांगितलं आणि ते चार दिवस कधी संपलेच नाहीत. तरी तुम्ही रोज डबा घेऊन निघायचात. संध्याकाळी डब्यातली शेंगाचटणी नि भाकरी तशीच परत यायची आणि तुम्ही ती मला "मिलमधली भाकरी" म्हणून द्यायचात. मला ती घरातल्या भाकरीपेक्षा गोड लागायची. तुम्ही दिवसभर कंबर तलावाकाठी बसून यायचात हे मला फार उशिरा कळलं, बाबा.

म्हणूनच या वेळी तोंडी शब्दावर मी थांबले नाही. ऑगस्टमध्ये साहेबांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "जा, जागा तुझीच आहे." मनापासून म्हणाले, पण उद्या त्यांचीच बदली झाली तर? मी त्याच रात्री मेलवर अर्ज केला. त्यात जायची तारीख, यायची तारीख, माझ्या हातातली कोणती चाचणी कोण बघेल आणि त्याला मी कधीपर्यंत शिकवेन, एवढंच लिहिलं. शिक्षण माझ्यासाठी किती महत्त्वाचं वगैरे काही नाही. ऑफिसला काळजी असते ती मागे पडणाऱ्या कामाची.

तीन आठवड्यांनी कंपनीकडून मसुदा आला. सगळं छान होतं, पण परत येण्याच्या ओळीत शेवटी होतं, "जागा उपलब्ध असल्यास". ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. रजा मंजूर, पण परतीची हमी नाही, असा त्याचा सरळ अर्थ. मी सही केली नाही. ते शब्द काढून तारीख, श्रेणी आणि मूळ पगार घाला, असं कळवलं. दोन मेल, एक बैठक आणि बरीच गोड भाषा लागली. आता त्या जागी आहे: "१ जून रोजी त्याच श्रेणीत, त्याच मूळ पगारावर, पुणे येथे त्याच किंवा समकक्ष पदावर रुजू करून घेण्यात येईल." माझंच टेबल मिळेल असं ते लिहून देईनात, आणि ते मला पटलं. सहा महिने टेबल रिकामं कोण ठेवणार?

खोटा धीर देत नाही. उद्या आमचा विभागच बंद केला तर या कागदानं तो उघडणार नाही. पण तेव्हा मी पटावर असेन, म्हणजे बाकीच्यांचा जो हिशेब होईल तो माझाही होईल. मंजूर रजेनं सेवा तुटत नाही, त्यामुळे नऊ वर्षांची ग्रॅच्युइटी जागेवर आहे. पीएफमध्ये सहा महिने भर पडणार नाही, आहे त्यावर व्याज चालू राहील. पगारवाढ मात्र यंदा हुकेल. आणि एक अट माझ्यावर आहे: १ मेपर्यंत मेलवर "येतेय" असं कळवायचं, नाहीतर राजीनामा धरतील. ती तारीख मी कॅलेंडरवर लाल केलीय. बाबा, तुम्हीही तुमच्या कालनिर्णयवर करा.

तुमच्या विम्याचं. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच होती. राजीनामा दिला असता तर कंपनीच्या मेडिक्लेममधून तुम्ही दोघंही बाहेर पडला असता, आणि या वयात नवी पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. आईची साखर आणि गुडघा तेवढं थांबणार आहेत का? रजेत पॉलिसी चालू राहते. तुमचा हप्ता माझ्या पगारातून कापला जायचा, तो सहा महिन्यांचा आधीच भरलाय. एक खाच होती: नूतनीकरण १ एप्रिलला, रजा चालू असतानाच, आणि तेव्हा नावांची यादी पगारपत्रकावरून निघते. तुमची नावं राहतील हेही पत्रात लिहून घेतलं. जुनंच कार्ड चालेल, ते देव्हाऱ्याच्या खणातून हलवू नका.

पैशाचं विचारू नका, पण विचाराल म्हणून सांगते. घराचा हप्ता २२,०००, माझा खर्च १८,०००, तुमचे १२,०००. महिन्याला ५२,०००. सहा महिन्यांचे ३,१२,००० होतात, मी सात महिन्यांचे, ३,६४,००० बाजूला काढलेत. जूनचा पगार महिनाअखेरीस येईल ना! तुमचे पैसे नेहमीसारखे ५ तारखेला जमा होतील. बाबा, "मला लागत नाहीत" म्हणून परत पाठवायचे नाहीत. मागच्या दिवाळीसारखं केलंत तर मी बोलणार नाही.

आणि हे नीट ऐका. रात्री नळ आला की आईनं हंडे उचलायचे नाहीत. चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेवढ्यापुरता शेजारचा मुलगा येईल, त्याच्याशी बोललेय. गुडघ्याची तारीख जानेवारीत घ्या. गड्ड्याची जत्रा झाल्यावर घ्या हवी तर, पण घ्या, पुढे ढकलू नका. कूलरच्या जाळ्या मार्चमध्येच बदला. आत्याला मी स्वतः फोन करते, तोवर तिला काही सांगू नका, नाहीतर संध्याकाळपर्यंत अख्ख्या पेठेत माझी नोकरी गेलेली असेल.

आता शनिवारचे वर्ग नाहीत. ज्या आठवड्यात भट्टी परवानगी देईल, त्या शुक्रवारी मी संध्याकाळच्या हुतात्मानं निघेन. आई, जेवायला थांबू नकोस, दोन भाकऱ्या झाकून ठेव. कडक झाल्या तरी चालतील.

पत्राची झेरॉक्स सोबत आहे. बाबा, दुसरा परिच्छेद तुम्ही स्वतः वाचा, भिंग घेऊन. त्यात "असल्यास" हा शब्द कुठे सापडतो का बघा, आणि रविवारी फोनवर मला सांगा. फोन आईकडे द्यायच्या आधी.

तुमची,
पमी