त्या नऊ गुणांचा हिशेब द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी राज्य मंडळाची बारावी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी. भौतिकशास्त्राच्या लेखी पेपरात मला 70 पैकी 38 मिळाले, म्हणून श्रेणीसुधारासाठी पुन्हा बसते आहे. क्लास लावण्याआधी 400 रुपये भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. पुनर्मूल्यांकन करून घेणं हा हेतू नव्हता. 32 गुण गेले कुठे, एवढंच पाहायचं होतं.

एका बाजूला छायाप्रत, दुसऱ्या बाजूला पेन्सिलीच्या खुणा असलेली माझी प्रश्नपत्रिका. पहिला धक्का पहिल्याच पानावर बसला. बहुपर्यायी प्रश्नांतले चार गुण मी केवळ (b), (c) असं लिहून घालवले होते. पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं, नुसतं एकच लिहिलं तर गुण नाही, हे प्रश्नपत्रिकेवरच्या सूचनांत छापलेलं असतं. परीक्षेच्या दिवशी त्या सूचना कोण वाचतं? चारही उत्तरं बरोबर होती, त्यामुळे जास्तच लागलं.

पुढे प्रश्नपत्रिकेनेच पकडलं. जडत्व आघूर्णाची व्याख्या, एकक आणि मिती विचारल्या होत्या. मी व्याख्या आणि एकक लिहून पुढच्या प्रश्नावर गेले. मिती येत होत्या, पण लिहिल्याच नाहीत. उत्तरपत्रिका एकटी पाहिली असती तर हे कळलंच नसतं, कारण उत्तर तिथे पूर्ण वाटतं. प्रश्नातल्या प्रत्येक मागणीखाली रेघ मारून उत्तराशी जुळवलं, तेव्हा अशी तीन अर्धवट उत्तरं सापडली. गेले तीन गुण.

एक गणित मात्र सांगतेच. एक मोल आदर्श वायू 300 केल्विनला समतापी प्रसरण पावून दुप्पट होतो, कार्य काढा. सूत्र बरोबर, किमती बरोबर, उत्तर साधारण 751 ज्यूल. खरं उत्तर साधारण 1729. कॅल्क्युलेटर चालत नाही म्हणून लॉग टेबल उघडलं, दोनचा लॉग 0.3010 घेतला आणि तसाच गुणला. सूत्रात नैसर्गिक लॉग आहे, टेबलात दहाच्या पायाचा. मधला 2.303 राहून गेला. खऱ्या उत्तराला माझ्या उत्तराने भागलं की हाच आकडा येतो, तेव्हा चूक तीच, यात शंका उरली नाही. दोनपैकी एक गुण मिळाला. एककं न लिहिल्यामुळे चार ठिकाणी अर्धा-अर्धा गेला, म्हणजे आणखी दोन.

हे झाले दहा. तेरा गुणांचं मी लिहिलंच नव्हतं. ते दोन धडे अर्धवट सोडले होते, त्यात कुणाचा दोष नाही. राहिले नऊ. आणि हे पत्र त्या नऊ गुणांसाठी आहे.

शंकूलंबकाच्या आवर्तकालाचं सूत्र सिद्ध करायचं होतं, तीन गुणांना. सगळ्या पायऱ्या लिहिल्या, आकृती काढली नाही. समासात फक्त 1½ आहे. एक सर म्हणतात, आकृतीला अर्धा. दुसऱ्या मॅडम म्हणतात, एक, शिवाय बलांचे घटक वेगळे दाखवले नसतील तर तेही कापतात. मग दीड नक्की कशाचा गेला? यंदा मी आकृतीवर वेळ घालवू, की घटक सविस्तर मांडू? अशी सहा ठिकाणं आहेत. तिथे चूक माझीच असेल, पण ती कोणती, हे कळल्याशिवाय सुधारू कशी?

उत्तरपत्रिका पाहण्याचा आमचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली माहिती अधिकाराखाली मान्य केला. पण पायरीनिहाय गुणांचा तक्ता सोबत नसेल, तर पाहून अर्धंच कळतं. सीबीएसई आपल्या प्रश्नपत्रिकांसोबत गुणदान योजना संकेतस्थळावर ठेवते. आपल्या मंडळानेही निकाल लागल्यावर प्रत्येक विषयाचा असा तक्ता खुला करावा, ही विनंती. छायाप्रत हाती आल्यापासून पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाला कामकाजाचे पाचच दिवस असतात. तक्ता समोर असला तर मुलं 300 रुपये अंदाजाने भरणार नाहीत. ज्यांचा गुण खरोखर राहिलाय तेच अर्ज करतील, आणि मंडळाचंही काम हलकं होईल.

अजून एक, लहानसं. बहुपर्यायी प्रश्नांची ती सूचना पहिल्या पानावर इतर सूचनांच्या गर्दीत न ठेवता थेट प्रश्न 1 च्या डोक्यावर ठळक छापता आली तर पाहा.

आपली,
बारावीची एक पुनर्परीक्षार्थी