बँकेसाठी सोसायटीकडून पत्त्याचे पत्र घेताना

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

फ्लॅट स्वतःच्या नावावर आहे, घरपट्टी भरलेली आहे, वीजबिलही थकलेले नाही. तरीही 'पत्ता जुळत नाही' एवढ्या शेऱ्यावर कर्जाची फाइल बँकेत पडून राहते. मग सोसायटीच्या सचिवांकडून एक पत्र आणायला सांगतात. ते पत्र घाईघाईत, मोघम घेतले तर फाइल पुन्हा परत येते.

अडचण मुळात अशी की आपल्याकडे गोव्यात एकाच फ्लॅटला बहुधा तीन पत्ते असतात. पर्वरीतला दुसऱ्या मजल्यावरचा एखादा फ्लॅट घ्या. खरेदीखतात तो 'एस-२, इमारत ब', सर्व्हे क्रमांक अमुक, गाव सुकूर, तालुका बार्देश असा असतो. (जी, एफ, एस, टी ही बिल्डरांनी मजल्यांना दिलेली इंग्रजी आद्याक्षरे, बाहेरून आलेल्या बँक अधिकाऱ्याला ती कळतीलच असे नाही.) घरपट्टीच्या पावतीवर पंचायतीने दिलेला घर क्रमांक असतो, तिथे 'एस-२' चा उल्लेखच नसतो. वीजबिलावर नुसते 'पर्वरी' आणि कधी कधी अजूनही बिल्डरचेच नाव. पर्वरी म्हणून ओळखला जाणारा भाग एकाहून अधिक पंचायतींत पसरलेला आहे, हे इथल्या माणसाला ठाऊक असते, पण कागद तपासणाऱ्याला सुकूर आणि पर्वरी ही दोन वेगळी ठिकाणे वाटतात.

म्हणून सचिवांना 'मला पत्त्याचा दाखला द्या' एवढेच लिहू नये. हे तिन्ही पत्ते एकाच फ्लॅटचे आहेत, हे लेखी मागावे. अर्जाचा मजकूर साधारण असा असावा:

"मा. सचिव यांस, मी इमारत ब मधील फ्लॅट एस-२ चा मालक व सोसायटीचा सभासद आहे. बँकेच्या पर्वरी शाखेत मी कर्जासाठी अर्ज केला आहे. खरेदीखतातील फ्लॅट एस-२, इमारत ब, गाव सुकूर आणि पंचायतीचा घर क्रमांक ६१८/५ ही एकच मालमत्ता असून सोसायटीच्या नोंदीत ती माझ्या नावे आहे, तसेच वीजबिल याच फ्लॅटचे आहे, असे पत्र शाखा व्यवस्थापकांच्या नावे द्यावे. मी सध्या याच फ्लॅटमध्ये राहतो. सोबत खरेदीखताचे पहिले पान व मालमत्तेच्या वर्णनाचे पान, शेअर सर्टिफिकेट, चालू घरपट्टीची पावती आणि अलीकडचे वीजबिल यांच्या प्रती जोडल्या आहेत."

फ्लॅट पती-पत्नीच्या नावे असेल तर दोघांची नावे व सह्या हव्यात. अर्ज मराठीत चालेल, पण बँकेला जाणारे पत्र इंग्रजीत घेणे सोयीचे. त्यातली नावे खरेदीखतात आहेत तशीच, अक्षरासाठी अक्षर, आली पाहिजेत. आडनावात एक अक्षर कमी-जास्त झाले तरी शंका निघते. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर तारखेसह पोच घ्यावी.

सचिवांनी देताना काय पाहावे, हेही सांगतो. सोसायटीचे लेटरहेड व नोंदणी क्रमांक, जावक क्रमांक, तारीख, सही, सहीखाली नाव व पद आणि शिक्का, हे सारे पत्रावर हवे. घर क्रमांक पंचायतीने दिलेला असल्याने 'सादर केलेल्या घरपट्टी पावतीनुसार' असे लिहावे, म्हणजे सोसायटी न तपासलेल्या गोष्टीची हमी घेत नाही. सर्वांत जास्त घोळ होतो तो 'मालक आहेत' आणि 'राहतात' हे एकत्र लिहिल्याने. फ्लॅट भाड्याने दिला असेल आणि पत्रात 'राहतात' असेल, तर बँकेचा पडताळणीचा माणूस दारात येतो, भाडेकरू दार उघडतो आणि पत्रच खोटे ठरते. दोन्ही गोष्टी वेगळ्या वाक्यांत लिहाव्यात. राहत नसतील तर तसे स्पष्ट सांगावे.

फ्लॅटच गहाण ठेवायचा असेल तर बँक ना-हरकत पत्र मागते. ते या पत्रात मिसळू नये, स्वतंत्र अर्ज करावा. गोव्यातल्या अनेक सोसायट्या केवळ देखभालीसाठी असतात, जमीन त्यांच्या नावावर झालेली नसते. अशा सोसायटीने जमिनीच्या मालकीबद्दल अवाक्षरही लिहू नये.

या पत्राला मर्यादाही आहे. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत पत्त्यासाठी आधार, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना असे ठरावीक कागद चालतात. सोसायटीचे पत्र त्या यादीत नाही. ओळखपत्रावर जुना पत्ता असेल तर दोन महिन्यांच्या आतले वीजबिल किंवा घरपट्टीची पावती तात्पुरती चालते, मात्र नव्या पत्त्याचे ओळखपत्र तीन महिन्यांत द्यावे लागते. तेव्हा वीजबिलावर बिल्डरचे नाव असेल तर आधी तेच बदलून घ्यावे. सचिवांच्या पत्राने ते काम होत नाही.

आपला,
एक सदनिकाधारक, बार्देश