बाबांचं साडेसात आणि आईचे पंधरा हजार

पुणे, रविवार सकाळ

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

परवा इचलकरंजीहून घाईत निघाले आणि डायनिंग टेबलावर जे काही तपासलं त्याचा अर्थ नीट सांगायचा राहून गेला. बाबा, तेव्हापासून तुम्ही गप्प गप्प आहात असं आई म्हणाली, म्हणून आज सवडीने लिहायला बसले आहे.

एकाहून एक बारीक सूर वाजवणाऱ्या त्या 'कानाचं वय ओळखा' व्हिडिओने बाबांना 8,000 वर थांबवून 'सत्तरीपुढचे कान' ठरवलं आणि आईला 15,000 पर्यंत नेऊन पस्तिशीत बसवलं. हे आकडे हर्ट्झचे, म्हणजे आवाजाची सेकंदाला किती कंपनं होतात त्याचे. आकडा मोठा तितका आवाज बारीक. रोज लोकांचे कान तपासणं हेच माझं काम असल्यामुळे सांगते, त्या व्हिडिओचे दोन्ही निकाल धरून चालू नका.

वयानुसार ऐकू येण्याची वरची मर्यादा खाली येते हे मात्र खरं आहे, आणि ती तुमच्या बाबतीत आत्ता आलेली नाही. आपला जुना टीव्ही आठवतो? मी झोपल्यावर बाबा आवाज पूर्ण बंद करून क्रिकेट बघायचे आणि मी आतल्या खोलीतून ओरडायचे, "टीव्ही चालू आहे!" बाबा म्हणायचे, भास होतो हिला. तो भास नव्हता. त्या टीव्हीत चित्र 625 ओळींनी बनायचं, सेकंदाला 25 वेळा. गुणाकार 15,625. आतली कॉइल तेवढ्याच कंपनांनी बारीक शीळ घालायची. मी आठ वर्षांची होते, मला ती स्पष्ट ऐकू यायची. बाबा चाळिशीचे होते, त्यांना येत नव्हती. म्हणजे तो वरचा पट्टा अठ्ठावीस वर्षांपूर्वीच गेला होता आणि त्यावाचून तुमचं काही अडलं नाही, तुम्हाला कळलंही नाही.

असं होतं, कारण आतल्या कानात शंखासारखी वळलेली एक नळी असते, तिला आम्ही कॉक्लिआ म्हणतो. तिच्या आतल्या पडद्यावर प्रत्येक सुराची जागा ठरलेली आहे: बारीक आवाज दाराशी, जाड आवाज पार आतल्या टोकाशी. तिथल्या केसांसारख्या नाजूक पेशी आवाज टिपतात. त्या एकदा गेल्या की माणसात पुन्हा येत नाहीत, आणि वयानुसार दाराजवळच्या आधी जातात. म्हणून झीज वरून खाली सरकत येते. मी छत्तीसची आहे, मलासुद्धा 16,000 आता मोठ्या आवाजातच कळतं.

आता आईचे पंधरा हजार. आई, तू खोटं बोलली नाहीस, पण तू जे ऐकलंस तो पंधरा हजारांचा सूर नव्हता. त्या व्हिडिओत प्रत्येक सूर एकदम सुरू होतो आणि एकदम तुटतो, त्यामुळे दोन्ही वेळा बारीक 'टक्' वाजतं. त्या टकात सगळ्या पट्ट्यांचे आवाज असतात, त्यामुळे ते कुणालाही ऐकू येतं. मी माइक लावून फोनमधून खरंच काय बाहेर पडतंय ते स्क्रीनवर पाहिलं. पंधरा हजारांच्या जागी जवळजवळ काहीच नव्हतं. व्हिडिओ पुढे पाठवताना दाबून छोटा केला जातो, तेव्हा सगळ्यात बारीक आवाजांवरच आधी कात्री चालते. उरलेलं फोनच्या इवल्या स्पीकरला झेपत नाही.

म्हणून मी हळूहळू चढणारे आणि हळूहळू विरणारे सूर तयार केले आणि तुम्हा दोघांना तोच हेडफोन दिला. मध्ये चार वेळा मी काहीच वाजवलं नाही. आई, त्यातल्या दोन वेळा तू हात वर केलास. वाट बघणारा कान असा फसतोच, माझ्याकडे येणारे कितीतरी लोक फसतात. टक् गेल्यावर तू 11,000 ला थांबलीस. आणि बाबा, व्हिडिओत 8,000 ला थांबलेले तुम्ही, आवाज थोडा वाढवल्यावर 10,000 पर्यंत गेलात. व्हिडिओने तुमच्या दोघांत पस्तीस वर्षांचं अंतर काढलं होतं. उरलं ते हजार हर्ट्झचं.

आवाज वाढवल्यावर मर्यादा सरकली, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ही मर्यादा भिंतीसारखी नाही, ती चढणीसारखी आहे. तरुण, निरोगी कानाला 1,000 चा सूर 2-3 डेसिबलला ऐकू येतो, पण 16,000 चा ऐकायला सुमारे 40 डेसिबल लागतात. म्हणजे आवाजाचा दाब सुमारे पंच्याहत्तर पट हवा. मग 'कुठपर्यंत ऐकू येतं' याला 'किती मोठ्याने वाजवल्यावर' हे जोडल्याशिवाय अर्थच राहत नाही, आणि व्हिडिओला तुमचा फोन किती मोठ्याने वाजतोय ते ठाऊकच नसतं. शिवाय फोन टेबलावर असला तर मान जराशी वळवली तरी फरक पडतो. 12,000 च्या आवाजाची एक लाट जेमतेम तीन सेंटीमीटरची असते. भिंतीवरून परतलेल्या लाटा एकमेकींत मिसळतात, त्यामुळे त्याच खोलीत एका जागी सूर मोठा लागतो आणि वीतभर बाजूला नाहीसा होतो.

तरीही बाबा, मला तुमची तपासणी करायची आहे, पण त्या व्हिडिओमुळे नाही. गेल्या महिन्यात स्टँडवर कंडक्टर 'साडेसात' म्हणाला आणि तुम्ही 'साडेआठ' ऐकून बाकड्यावर बसून राहिलात, त्यामुळे. साडे कळलं, पण 'सात' आणि 'आठ' यांतला फरक हुकला. स्वर जाड आणि जोरकस असतात, ते पोचतात. 'स'चा सीत्कार मात्र 4,000 च्या वर असतो आणि मुळातच दुबळा असतो, स्टँडवरच्या गोंगाटात तोच आधी बुडतो. आणि तुम्ही बावीस वर्षं यंत्रमागांच्या शेडमध्ये काढली आहेत. तशा खडखडाटाने कानाचं नुकसान बहुधा 4,000 च्या आसपास होतं, खड्डा पडल्यासारखं. वरचा 10,000 ऐकू आला तरी खाली हा खड्डा असू शकतो. 'सगळ्यात बारीक कुठपर्यंत' एवढंच विचारणाऱ्या चाचणीला तो दिसतच नाही.

आमच्याकडे आधी कानात मळ आहे का ते बघतो. मग आवाजबंद खोलीत, मोजून जुळवलेल्या हेडफोनवर, एकेक कान वेगळा. 1,000 पासून सुरुवात, आणि एकूण 250 ते 8,000 पर्यंतच, कारण बोलणं समजायला लागतं ते बहुतेक त्यातच आहे. सूर ऐकू आला की दहा डेसिबल कमी करायचे, नाही आला की पाच वाढवायचे, असं करत नेमकी जागा सापडते. शेवटी शब्द ऐकवून म्हणायला लावतो. तो भाग तुमच्यासाठी मला जास्त मोलाचा वाटतो.

पुढच्या शनिवारी सकाळी अकराची वेळ ठेवली आहे. आई, तूही ये, दोघांचं एकदमच करू. तोपर्यंत बाबांनी कानात तेल किंवा काडी घालू नये. आणि कुठले शब्द चुकीचे ऐकू येतात, ते कुठे, कोण बोलत असताना, हे एका कागदावर लिहून आणाल का? आईने लिहिलं तर जास्त बरं, कारण जे निसटलं ते बाबांना कळणार नाही, तिला कळेल.

तुमची
थोरली