लकव्याच्या फलकावर वेळ कुठे आहे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या भागातल्या एका औषध दुकानाच्या दारावर नुकताच लकव्याचा फलक लागला आहे. वाकडे झालेले तोंड, खाली पडणारा हात, अडखळणारी जीभ अशी तीन चित्रे आणि त्याखाली ‘ताबडतोब डॉक्टरांना दाखवा’. चित्रे चांगली आहेत, तक्रार शेवटच्या ओळीबद्दल आहे. माझी सारी नोकरी सीटी स्कॅनच्या खोलीत झाली. तिथे येणारे लकव्याचे पेशंट बहुधा कुठल्या तरी डॉक्टरांना दाखवूनच आलेले असत, आणि वेळ नेमका तिथेच गेलेला असे.

विडी घरकुलाकडच्या एका बाईंचे उदाहरण देतो. सकाळी नऊच्या सुमारास मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. डाव्या हातातून पान निसटले, परत घेतले, परत निसटले. हाताला मुंग्या आल्या असतील म्हणून सुनेने तेल चोळले. शेजारणीने साखरेचे पाणी पाजले, ते ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळले. साडेअकराला मुलगा कामावरून आला आणि जवळच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथे सलाईन लावले. दीड वाजता ‘मोठ्या दवाखान्यात न्या’ असे सांगितले आणि अडीचला त्या आमच्या टेबलावर आल्या.

मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. बाईंचे साडेचार तास दीड वाजता संपले, म्हणजे सलाईनची बाटली संपता संपता. शिवाय साडेचार तास हे इंजेक्शन शिरेत जाण्याचे आहेत, दवाखान्याच्या फाटकाशी पोहोचण्याचे नव्हेत. तपासणी, साखर, स्कॅन, डॉक्टरांचा निर्णय यात तासभर सहज जातो. आणि साडेचार तास आहेत म्हणून थांबायचेही नाही, कारण त्या मुदतीतही जितके लवकर तितका हात-पाय परत येण्याचा संभव जास्त. मोठी वाहिनी बंद झाली असेल तर तारेने गुठळी काढण्याचा उपाय काही निवडक पेशंटमध्ये नंतरही करता येतो, पण ती सोय सगळीकडे नसते.

म्हणून फलकावर चित्रांच्या खाली काय करून पाहायचे ते घरच्या भाषेत लिहावे. ‘दात दाखवून हसायला सांगा. एक कोपरा वर जात नसेल तर समजा. डोळे मिटून, तळवे वर करून दोन्ही हात समोर धरायला सांगा आणि सावकाश दहा अंक मोजा. एक हात खाली घसरला किंवा उचललाच नाही तर समजा. एक साधे वाक्य म्हणायला सांगा. शब्द जड आले, भलतेच आले किंवा आपले बोलणे कळेनासे झाले तर समजा. तिन्हींपैकी एकच खूण असली तरी पुरे.’ सोलापुरात यात एक ओळ वाढवायला हवी: वाक्य माणसाच्या घरच्या भाषेत म्हणायला लावा. पूर्व भागातल्या पद्मशाली आजीला मराठीत बोलायला सांगितले तर ती धडधाकट असतानाही अडखळेल आणि आपण फसू. तेलुगूत किंवा कन्नडमध्ये अडखळली तर शंका उरत नाही. फलकही तिन्ही भाषांत हवा, हे ओघानेच आले.

त्यानंतरची ओळ सर्वांत मोठ्या अक्षरात असावी: ‘शेवटचे ठीक कधी पाहिले?’ स्कॅनच्या दारात डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच असायचा आणि नातेवाईक एकमेकांच्या तोंडाकडे पाहायचे. ‘सकाळी उठले तर असेच होते’ हे उत्तर तर नेहमीचे. अशा वेळी घड्याळ उठल्यापासून धरत नाहीत, रात्री माणूस ठीक झोपला तेव्हापासून धरतात. पहाटे लघवीला उठून नीट चालत गेला असेल तर तेव्हापासून धरतात, आणि एवढ्या फरकाने इंजेक्शन मिळू शकते. मधल्या झोपेतली वेळ कळत नसली तरी काही ठिकाणी एमआरआयवरून ठरवता येते, म्हणून ‘आता काय उपयोग’ म्हणून घरी ठेवू नये. ज्याने शेवटचे ठीक पाहिले तो माणूस गाडीत बसावा, निदान त्याचा फोन चालू असावा. रोजच्या गोळ्यांची पिशवीही सोबत घ्यावी. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर डॉक्टरांचा निर्णय बदलतो.

घरी काय करू नये, तेही लिहावेच लागेल. पाणी, चहा, साखरपाणी काही नको. गिळण्याचे स्नायू लुळे पडले असतील तर ते श्वासनलिकेत जाते. साखर खरोखर कमी झाली तरी लकव्यासारखी लक्षणे दिसू शकतात, पण ते दवाखान्यात बोटाच्या एका थेंबात कळते. ॲस्पिरिन नको, कारण गुठळी आहे की रक्तस्राव हे बाहेरून कुणालाच सांगता येत नाही. बीपी वाढले म्हणून जिभेखाली गोळी नको. दाब एकदम उतरला तर मेंदूला उरलासुरला रक्तपुरवठाही कमी होतो.

स्कॅनबद्दल एक गैरसमज इथेच सांगतो, कारण त्यावरून आमच्या खोलीबाहेर भांडणे होत. पहिल्या काही तासांत गुठळीच्या लकव्याचा स्कॅन बऱ्याचदा नॉर्मल दिसतो. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, मग इंजेक्शन कशाला?’ असे म्हणून सही करायला नकार देणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. तो स्कॅन मुख्यतः मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे पाहण्यासाठी असतो. रक्तस्राव असेल तर ते इंजेक्शन देताच येत नाही.

आता गाडी. १०८ ला फोन करून ‘पडलाय’, ‘चक्कर आलीय’ असे न सांगता ‘लकव्याची लक्षणे आहेत, अमुक वाजता सुरू झाली’ असे सांगावे. गाडीला वेळ लागणार असेल तर रिक्षा किंवा शेजाऱ्याची गाडी चालेल. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून मात्र नेऊ नये. लुळा पाय लोंबकळतो, मान पडते, उलटी झाली तर ती घशात जाते. झोपाळलेल्या माणसाला कुशीवर ठेवावे. जायचे ते जवळच्या दवाखान्यात नव्हे, तर जिथे रात्रीही सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन दोन्ही मिळते तिथे, आणि निघतानाच तिकडे फोन करावा. अक्कलकोटहून सोलापूर साधारण चाळीस किलोमीटर आहे. वाटेत दोन ठिकाणी ‘दाखवत’ आले तर रस्त्यापेक्षा थांबण्यातच जास्त वेळ जातो.

लक्षणे दहा-पंधरा मिनिटांत आपोआप गेली तरी त्याच दिवशी, त्याच घाईने जावे. पुढच्या एक-दोन दिवसांत मोठा झटका येण्याचा धोका तेव्हाच जास्त असतो. या तीन खुणांत न बसणारा लकवाही असतो. अचानक तोल जाणे, एकाचे दोन दिसणे, एका बाजूचे दिसेनासे होणे हेही फलकाच्या तळाशी बारीक अक्षरात का होईना, यावे.

फलक छापणाऱ्यांना एवढीच विनंती आहे की ‘ताबडतोब डॉक्टरांना दाखवा’ काढून तिथे एक रिकामी चौकट ठेवावी. आरोग्य खात्याने किंवा महापालिकेने चौकशी करून त्या त्या भागासाठी दवाखान्याचे नाव आणि रात्री उचलला जाणारा फोन नंबर तिथे शाईने भरावा. विड्या जमा करण्याच्या ठिकाणी, यंत्रमागाच्या शेडच्या दारात आणि रेशन दुकानात तो लावावा. नंबर दर सहा महिन्यांनी कुणी तरी लावून पाहावा, कारण बंद नंबरचा फलक लागण्यापेक्षा नुसता १०८ लिहिलेला बरा.

आपला,
एक निवृत्त सीटी स्कॅन तंत्रज्ञ, सोलापूर