तुझं खातं, आणि मी न विचारलेलं

चि. मृण्मयीस,

अनेक आशीर्वाद. तुझं इन्स्टाग्रामचं खातं चोरीला गेलं, त्यावरून बोलताना काल तू फोन आपटलास, त्यावर आईचं म्हणणं पडलं की बोलताना तुमचा आवाज चढतो, त्यापेक्षा लिहा. म्हणून लिहितोय. नीट जेव आणि मग वाच.

आधी कामाचं. इन्स्टाग्रामवरचा ईमेल कुणी बदलला की जुन्या ईमेलवर तसं कळवणारा मेल येतो. पाठवणारा security@mail.instagram.com. हे तुम्ही केलं नसेल तर खातं सुरक्षित करा, अशी लिंक त्यात असते. चोराने ईमेल आणि नंबर दोन्ही बदलले तरी हा मेल तुझ्याकडेच येतो, म्हणून पहिली आशा तीच. तू म्हणालीस, मेल आलाच नाही. मला शंका आहे. जीमेलच्या शोधाच्या चौकटीत हे टाक:

```
in:anywhere from:security@mail.instagram.com
```

असं शोधलं की स्पॅम आणि ट्रॅशसुद्धा चाळले जातात. आता नीट बघ, मेल सापडतो कुठे. इनबॉक्समध्ये किंवा अपडेट्समध्ये असेल तर ठीक, लगेच लिंक दाब. पण ट्रॅशमध्ये असेल आणि तू तो टाकलेला नसशील, तर चोर तुझ्या जीमेलमध्येही बसलाय. मग इन्स्टाग्राम सोड, आधी जीमेल ताब्यात घे. पासवर्ड बदल, अनोळखी फोन-लॅपटॉप बाहेर काढ, आणि सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग व फिल्टर बघ. तुझे मेल परस्पर दुसरीकडे वळवणारी किंवा गुपचूप पुसणारी एखादी ओळ तिथे टाकून ठेवलेली असते. ती राहिली तर पुढची प्रत्येक लिंक त्याच्याही हातात पडेल.

तुझ्या खात्यातल्या मेसेजमध्ये काय होतं ते मी विचारत नाहीये. तो तुझा प्रश्न.

लिंक चालली नाही तर घाबरू नकोस. दुकानात अशी पोरं येतात, बऱ्याच जणांची लिंक तोवर मेलेली असते. मग तुझा जुना फोन काढ, ज्यावर तू नेहमी इन्स्टाग्राम वापरायचीस तो, आणि रूमवरच्याच वायफायवरून instagram.com/hacked उघड. ओळखीचा फोन आणि ओळखीची जागा असेल तर तिथे तुझं म्हणणं लवकर पटतं. कोड कुठे पाठवू असं विचारेल, तेव्हा चांदण्यांआड झाकलेला ईमेल नीट वाच. पहिलं अक्षर तुझ्या ईमेलचं नसेल तर तो कोड चोराला जाणार. तिथे पुन्हापुन्हा दाबत बसू नकोस, दुसरा मार्ग निवड. नाव शोधून खातं सापडत नाही म्हणून ते उडालं असंही समजू नकोस, त्याने नाव बदललं असेल. सायलीला तुमचं जुनं चॅट उघडायला सांग, तिथून आताचं नाव कळेल.

शेवटी सेल्फी व्हिडिओ मागतात. चेहरा डावीकडे, उजवीकडे, वर असा फिरवायचा, आणि तो खात्यावरच्या तुझ्या फोटोंशी ताडून बघतात. इथे तुझी पंचाईत आहे. तुझ्या पानावर रांगोळ्या आणि नुसते हात. ते हात मी हजारात ओळखेन, पण ते त्यांच्या उपयोगाचे नाहीत. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचा एक फोटो आहे ना, तू तिच्याशेजारी बसलेली? तो कामाला येईल. दिवसाच्या उजेडात, चष्मा काढून व्हिडिओ कर. उत्तर कुठे पाठवायचं ते विचारतील, तेव्हा चोराने कधी न पाहिलेला नवा ईमेल दे. दोनेक दिवस लागू शकतात. नाकारलं तर पुन्हा पाठव. चेहऱ्याचा फोटो नसलाच तर खातं उघडताना दिलेला ईमेल, नंबर आणि कुठल्या प्रकारचा फोन होता ते विचारतात. तू ते पहिल्यांदा माझ्या नंबरवर उघडलं होतंस, दहावीच्या सुट्टीत, आठवतंय? दुकानासमोर रांगोळी काढून गिऱ्हाइकांना ती ओलांडू द्यायची नाहीस. मी रागवायचो आणि संध्याकाळी शटर ओढताना तिच्या कडेकडेने चालायचो. आता तुझ्या रांगोळीच्या ऑर्डरी पुण्यातून येतात. बाजूचा पेंटर मला 'रांगोळीवालीचे बाबा' म्हणतो. असो.

खातं हाती आलं की नुसता पासवर्ड बदलून थांबू नकोस, सगळे तिथेच फसतात. चोराने त्याच्या फोनवर दोन पायऱ्यांची पडताळणी लावलेली असते. ती बंद करून तुझी लाव आणि मिळणारे बॅकअप कोड वहीत लिही, फोनमध्ये नको. त्याचा ईमेल आणि नंबर काढ. मग अकाउंट्स सेंटरमध्ये जा. तिथे तो स्वतःचं एखादं खातं तुझ्याशी जोडून ठेवतो, आणि पासवर्ड बदलला तरी त्या वाटेने परत आत येऊ शकतो. ते अनोळखी खातं तोड, सगळीकडून लॉगआउट कर. आणि पोस्ट गायब दिसल्या तर 'Recently Deleted' उघड, पुसलेल्या पोस्ट तिथे 30 दिवसांपर्यंत असतात.

'मी काढून देतो, पाच हजार लागतील' असं सांगणारे तुझ्या मैत्रिणींच्या कमेंटमध्ये आलेच असतील. एकालाही उत्तर नाही. बघ, पुन्हा लेक्चर झालं. तुला एवढं कळतं. 'स्पर्धेत मत दे, तुला आलेला कोड सांग' हे मैत्रिणीच्या नावाने आलं तर कुणीही फसेल, माझ्याकडे बँकेतले साहेब येतात याच कारणाने. काल मी 'कोड दिलासच कसा' म्हणालो ते चुकलं.

आता जे विचारायचं नाही ठरवलं होतं ते. कुणी तुला जुन्या मेसेजमधल्या फोटोंवरून धमकी दिली आहे का? काल तू 'बाबा, सोडा ना' म्हणालीस तो आवाज माझ्या कानातून जात नाही. असं असेल तर पैसे द्यायचे नाहीत, एकदा दिले की मागणी वाढते. चॅटचे स्क्रीनशॉट काढ, 1930 वर फोन कर किंवा cybercrime.gov.in वर तक्रार टाक. पोलीस खातं परत मिळवून देतीलच असं नाही, पण तुझ्या नावाने उद्या कुणाकडून पैसे उकळले तर तक्रारीची पोच तुझ्या बाजूने बोलेल. StopNCII.org नावाची जागा आहे. तिथे फोटो तुझ्या फोनमधून बाहेर जात नाही, फोनवरच त्याचा एक आकडी ठसा तयार होतो आणि तेवढाच पुढे जातो. तो फोटो इन्स्टाग्राम-फेसबुकवर कुणी टाकला तर त्या ठशावरून ओळखून काढला जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर हातोहात फिरणाऱ्या फोटोला मात्र ते अडवू शकत नाही, म्हणून वेळ घालवू नकोस. तो फोटो कसला, कुणाला पाठवलेला, हे मी विचारणार नाही. आईलाही विचारू देणार नाही. तिला सांगायचं की नाही तेही तू ठरव.

आणि असलं काही नसेल तर 'नाही' एवढंच लिहून पाठव. मी पुन्हा विषय काढणार नाही. बहुतेक काढेन, पण प्रयत्न करेन.

तुझा,
बाबा

ता.क. नंदूकाकांना तुझ्या खात्यावरून 'अर्जंट आठ हजार पाठवा' असा मेसेज आलाय. मी पाठवू नका म्हटलं, तर ते नुसतं हं म्हणाले. पाठवलेत का ते कबूल करत नाहीत. तू विचार, तुला सांगतील. पाठवले असतील तर आजच 1930 वर कळवायला लाव, जितकं लवकर तितकी ते पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त.