प्रश्नमंजूषेआधी चार मिनिटं बोललेल्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थी प्रतिनिधी,

तू अजून नववीत आहेस, म्हणून तुझं नाव इथे लिहीत नाही. पण त्या शनिवारी सदाशिव पेठेतल्या त्या सभागृहात जे बसले होते, त्यांना हे पत्र कुणाला आहे ते पहिल्या ओळीतच कळेल. आंतरशालेय प्रश्नमंजूषेत प्रश्न विचारायला मी होतो. स्पर्धा सुरू होण्याआधी विद्यार्थी मंडळातर्फे तू प्रामाणिक प्रयत्नांवर बोललीस, आणि त्या बोलण्याने माझं काम किती सोपं केलं हे मला सगळ्यांसमोर सांगायचं आहे.

आधी त्या भाषणाच्या तयारीबद्दल. आदल्या आठवड्यात तू वही घेऊन आलीस आणि विचारलंस, "सर, प्रश्नमंजूषेत अप्रामाणिकपणा नेमका कुठे होतो?" सुविचार मागायला येणारे पुष्कळ असतात, असा प्रश्न विचारणारं कुणी मला तोवर भेटलं नव्हतं. मग आपण बराच वेळ लेखी फेरीबद्दल बोललो, कारण खरी गडबड तिथेच होते. सगळे संघ शेजारीशेजारी बाकांवर, प्रश्न सर्वांना एकच, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. शेजारच्या कागदावर नजर गेली की हात आपोआप तेच लिहितो.

मी तुला पूर्वीच्या एका स्पर्धेतलं उदाहरण दिलं होतं. प्रश्न होता: पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत पूर्वी कोणाचं निवासस्थान होती? उत्तर, मुंबई प्रांताच्या गव्हर्नरचं. एका संघाने लिहिलं, 'कमिशनर रेंड'. उत्तर चूक आहे, पण त्यामागचा विचार दिसतो. ती इमारत गणेशखिंडीत आहे, आणि 22 जून 1897 च्या रात्री गव्हर्नरच्या बंगल्यावरचा समारंभ आटोपून परतणाऱ्या रँडवर चाफेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावरच गोळ्या झाडल्या. त्या मुलांना गणेशखिंड आठवली, तिथून रँड आठवला, आणि त्यांनी तो लिहिला. पण मागच्या बाकावरच्या कागदावरही 'कमिशनर रेंड' होतं, रँडच्या जागी तसाच 'रेंड'. बरोबर उत्तरं जुळली तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, दोघांनाही ती येत असू शकतात. जगावेगळी चूक त्याच अशुद्ध लेखनासह दोन कागदांवर सापडली की तपासणाऱ्याला शंका येते.

यातून तू जे काढलंस ते मी तुला सांगितलेलंच नव्हतं. तू मंचावरून म्हणालीस, "पहिल्या संघाने चूक लिहिली तरी प्रयत्न केला. दुसऱ्याने तीच चूक लिहिली, पण त्यात त्यांचं काहीच नव्हतं. आज अंदाज करा, मनापासून करा. फक्त तो तुमचा असू दे." सभागृहातली मुलं एकमेकांकडे बघायला लागली होती. तोवर बहुतेकांच्या मनात प्रामाणिक असणं म्हणजे येत नसेल तर गप्प बसणं, असंच असावं. अंदाज आणि नक्कल यांच्यातली रेघ तू त्यांना दाखवलीस.

याचा परिणाम लेखी फेरीतच दिसला. कागद तपासताना रिकाम्या जागा कमी होत्या आणि चुका तऱ्हेतऱ्हेच्या होत्या. शेजारच्या बाकांवरचे कागद मी मुद्दाम जोडीने पाहिले. एकही विचित्र चूक दोनदा सापडली नाही.

अंतिम फेरीतला एक प्रश्न मला विशेष आठवतो. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटलं. त्याच दिवशी वाटेतलं आणखी एक धरण फुटलं आणि लोंढा पुण्यात शिरला, ते कोणतं? उजवीकडच्या संघाला हे माहीत नव्हतं, पण मुलं माइक चालू ठेवूनच विचार करत होती. एकजण म्हणाला, "वरसगाव." त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली, "ते मोसे नदीवर आहे, पानशेत आंबी नदीवर. पानशेतचं पाणी वरसगावात जाणारच नाही." मग त्यांनी पाण्याची वाट बोटाने टेबलावर काढली: आंबी खाली येते, मुठेला मिळते, आणि शहराच्या अलीकडे मुठेवर काय आहे? खडकवासला. पाठ केलेल्या उत्तराला एवढा वेळ लागत नाही. त्यांनी ते आमच्यासमोर शोधून काढलं, आणि त्यांचं चुकलेलं पहिलं उत्तर त्या शोधातलाच एक टप्पा होतं. ते ऐकवायला ती मुलं लाजली नाहीत, याचं श्रेय मी तुला देतो.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. प्रेक्षकांतून उत्तर पुटपुटलं जातं, हे प्रश्नमंजूषेचं जुनं दुखणं आहे. मी मंचावर माइकपाशी असतो, मला पुढच्या रांगेतली कुजबुज ऐकू येत नाही. ऐकू येते ती संघाला. नियम साधा आहे: उत्तर प्रेक्षकांतून आलं तर प्रश्न रद्द, राखीव प्रश्न विचारायचा. पण तो नियम वापरायचा कधी, हे संघाने सांगितल्याशिवाय मला कळायला मार्गच नाही. तू भाषणात पालकांकडे वळून म्हणालीस, "काका, काकू, तुम्ही हळूच उत्तर सांगितलंत तर तुमच्याच मुलांचा प्रश्न जाईल." आणि संघांना म्हणालीस, "ऐकलंत तर हात वर करा."

खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत किती अँटेना आहेत, हा प्रश्न मी विचारला आणि तुमच्याच शाळेच्या संघातल्या मुलाने हात वर केला. "सर, आम्हाला ऐकू आलं. तीस." उत्तर बरोबर होतं. मी प्रश्न रद्द केला आणि राखीव प्रश्न दिला, कोकणातल्या नद्यांवरचा. तो त्यांना आला नाही. पुढच्या संघाकडे गेला, त्यांनी उत्तर दिलं आणि पास झालेल्या प्रश्नाचे 5 गुण घेतले. शेवटी तोच संघ 65 गुणांवर पहिला आला आणि तुमचा 60 वर दुसरा. तो हात वर झाला नसता, तर थेट उत्तराचे 10 मिळून तुमचे 70 झाले असते आणि त्यांचे 60 राहिले असते. मला काहीही कळलं नसतं.

तुझ्या भाषणाने सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही. मागच्या दारापाशी उभे असलेले एक गृहस्थ शेवटपर्यंत बोटांनी खुणा करत होते, त्यांना स्वयंसेवकांनी दोनदा बसवावं लागलं. पण त्या मुलाने हात वर केला तेव्हा तू बाजूच्या पडद्याजवळ उभी होतीस, आणि शाळेचा चषक हातचा जातोय हे दिसत असूनही सगळ्यांच्या आधी टाळी तू वाजवलीस. त्या टाळीची त्याला फार गरज होती, कारण त्याच्या संघातल्या एकाचा चेहरा पडला होता.

एक विनंती आहे. पुढच्या स्पर्धेच्या लेखी फेरीच्या कागदावर, नियमांच्या वर, तुझं 'अंदाज करा, फक्त तो तुमचा असू दे' हे वाक्य छापायचं म्हणतो. तुझी आणि घरच्यांची परवानगी असेल तर मुख्याध्यापकांकडे निरोप ठेव. आणि त्या संघातल्या तिघांना माझ्यातर्फे सांग, खोडदला दुर्बीण बघायला जायचं ठरलं तर मीही येईन.

मनापासून आभार.

तुमचे,
प्रश्न विचारणारे सर